एका ‘डबल ई’वर अडलेलं लग्न

प्रिय ताई,

मी 29 वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी करते. पुण्याचं एक स्थळ पसंत पडलंय. मुलगा नीलेश मधुकर देशमुख (नावं बदलली तर बरं). चार-पाचदा भेटलो, छान वाटलं. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे. पत्रिका जुळली, पण आईच्या मैत्रिणीने एका अंकशास्त्रीताईंचं नाव सुचवलं. त्यांनी बायोडेटावरच्या नावावरून सांगितलं, की याचा हिडन पॅशन नंबर 5 आहे. म्हणजे वरून साधा दिसतो, पण आतून एका जागी, एका माणसापाशी टिकणारा नाही. आणि सबकॉन्शस सेल्फ 7, म्हणजे संकट आलं की हा दार लावून घेणार, तू बाहेर एकटी. ‘जोडीदार जे लपवतो ते या दोन आकड्यांत दिसतं’, असं त्या म्हणाल्या. नावाचं स्पेलिंग सुधारून देते, 11 हजार होतील, असंही म्हणाल्या.

मी हसण्यावारी नेलं असतं. पण फेब्रुवारीत त्याच्या वडिलांना अचानक दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा हा चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्याची बहीण स्मिता मात्र सगळी धावपळ करत होती, तिनेच मला फोन करून कळवलं. म्हणजे 7 खराच निघाला का? आणि तो खरा असेल, तर 5 सुद्धा खरा असणार ना? त्याच्या आधारवर नाव आय लावून आहे, बायोडेटावर डबल ई. याने काही फरक पडतो का? आईची झोप उडालीय. नकार द्यावा का?

– मनात किडा शिरलेली, नाशिक

*

अगं पोरी,

तुझ्या पत्रातला सगळ्यात कामाचा प्रश्न तू शेवटी, जाता जाता विचारलास: डबल ईने फरक पडतो का. पडतो, आणि इतका पडतो की त्या एका प्रश्नातच तुझं अर्धं उत्तर आहे. सगळं नीट मांडून दाखवते, कारण नऊ वर्षं मी स्वतः हे तक्ते मांडले आहेत, लोकांकडून दक्षिणा घेऊन. आता मांडत नाही. का ते पुढे येईलच.

हे दोन आकडे आपल्याकडच्या मूलांक-भाग्यांकासारखे जन्मतारखेतून निघत नाहीत. नामांकासारखे अक्षरांच्या बेरजेतूनही नाहीत. इथे बेरीजच नाही, नुसती मोजणी आहे. इंग्रजी अक्षरांना ओळीने 1 ते 9 आकडे द्यायचे, नऊ झाले की पुन्हा एकपासून.

```
1 A J S    4 D M V    7 G P Y
2 B K T    5 E N W    8 H Q Z
3 C L U    6 F O X    9 I R
```

मग जन्माच्या वेळचं पूर्ण नाव लिहायचं, प्रत्येक अक्षराखाली त्याचा आकडा टाकायचा, आणि कुठला आकडा किती वेळा आला ते मोजायचं. जो सर्वांत जास्त वेळा आला तो हिडन पॅशन. दोन-तीन आकड्यांत बरोबरी झाली तर ते सगळेच धरतात. आणि एकूण किती वेगवेगळे आकडे नावात हजर आहेत, ती संख्या म्हणजे सबकॉन्शस सेल्फ. नऊपैकी दोन गैरहजर असतील तर सात. जे गैरहजर त्यांना ‘कार्मिक धडे’ म्हणतात, म्हणजे या जन्मात शिकायच्या राहिलेल्या गोष्टी. बस, इतकंच आहे. शाळेत आपण परीक्षेतल्या मार्कांचे ताळ्याचे तक्ते करायचो, तसलंच काम.

याला ‘पायथागोरसची पद्धत’ म्हणतात, पण त्या बिचाऱ्या ग्रीक माणसाच्या काळात इंग्रजीच नव्हती. हा 26 अक्षरांचा तक्ता विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेतला. अटलांटिक सिटीच्या श्रीमती एल. डाऊ बॅलिएट आणि त्यांच्या मागून आलेल्या मंडळींनी तो रुजवला. आपल्याकडे नावाचं स्पेलिंग बदलून देणारे बरेच जण कीरो या हात पाहणाऱ्या ज्योतिषाचा तक्ता वापरतात, तो वेगळा. त्यात 9 हा आकडा कुठल्याच अक्षराला दिलेला नाही, त्यामुळे त्या तक्त्यावर कुणाचाही सबकॉन्शस सेल्फ 9 येऊच शकत नाही. काही जण एका तक्त्यावर नामांक काढतात आणि दुसऱ्यावर हिडन पॅशन, आणि दोन्ही एकाच कागदावर लिहून देतात. तुझ्या ताईंनी कुठला वापरला ते आकड्यांवरून कळतं: वरचाच. कसं ते आता बघ. (तुझ्या मुलाचं खरं नाव इथे नाही, पण आकडे जसेच्या तसे राहतील असं नाव शोधायला मला अर्धी दुपार लागली.)

```
NEELESH    5 5 5 3 5 1 8
MADHUKAR   4 1 4 8 3 2 1 9
DESHMUKH   4 5 1 8 4 3 2 8
```

मोज बरं. 5 पाच वेळा. 1, 4 आणि 8 प्रत्येकी चार वेळा. 3 तीनदा, 2 दोनदा, 9 एकदा. 6 आणि 7 नाहीतच. म्हणजे हिडन पॅशन 5, सबकॉन्शस सेल्फ 7. ताईंची मोजणी चोख आहे, त्यात त्यांनी काही लबाडी केली नाही.

आता डबल ई काढ आणि आधारवरचा आय घाल. दोन ई गेले, म्हणजे दोन 5 गेले, आणि आयचा एक 9 आला. 5 तीनवर उतरला. 1, 4, 8 आपापल्या चारवर बसलेच होते, ते तिघे पहिले आले. हिडन पॅशन 5 नाहीच. आता तो 1, 4 आणि 8 असा तिहेरी.

5 चा अर्थ या लोकांच्या भाषेत मोकळीक, बदल, प्रवास, इंद्रियसुखाची ओढ. 4 चा अर्थ शिस्त, टापटीप, एका जागी खपून काम करणं, थोडा हट्टीपणा. 8 म्हणजे पैसा आणि अधिकार. 1 म्हणजे पुढे राहण्याची आकांक्षा. म्हणजे एका स्पेलिंगात तुझा होणारा नवरा पाय न ठरणारा भटक्या, आणि दुसऱ्यात खुंटीला बांधल्यासारखा संसारी कारभारी. माणूस तोच, पुण्याचा.

यावर कुठलाही अंकशास्त्री म्हणेल, ‘जन्माच्या वेळचं नाव धरायचं, बायोडेटावरचं नाही.’ नियम तसाच आहे खरा. मग मला सांग, नव्वदच्या दशकात आपल्या नगरपालिकांनी जन्माचे दाखले कुठल्या लिपीत लिहिले? बहुतेक मराठीत, हाताने. कित्येक दाखल्यांत तर बाळाचं नावच नसायचं, बारसं नंतर व्हायचं. इंग्रजी स्पेलिंग पहिल्यांदा पडायचं ते शाळेत, हजेरीपटावर, आणि पक्कं व्हायचं ते दहावीच्या फॉर्मवर. तेव्हा ज्या बाईंनी किंवा क्लार्कने तो फॉर्म भरला, त्यांच्या मनाला आलं तसं. सचिनचं स्पेलिंग सगळे सारखं करतात, पण ज्ञानेशचं डीएनवायने करायचं की जीवायने, वैभवला व्ही की डब्ल्यू, पूजाला यू की डबल ओ, यावर माणसाची ‘छुपी ओढ’ ठरणार असेल, तर ती ओढ त्या क्लार्कची म्हणायची.

पण माझं खरं म्हणणं स्पेलिंगबद्दल नाही, त्याच्या खालची गोष्ट आहे. तुझ्या चार दिवसांच्या अबोल्याचं उत्तरही तिथेच सापडेल.

ही पद्धत ज्या देशात तयार झाली तिथे माणसाला स्वतःची दोन-तीन नावं असतात. मधलं नावही त्या बाळासाठीच निवडलेलं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. मग नीलेशच्या तक्त्यातली 23 अक्षरं बघ: त्यातली 16 मधुकररावांची आणि देशमुखांची आहेत. त्याची स्वतःची फक्त सात. एक गंमत कर. नीलेशला बाजूला ठेव आणि नुसत्या ‘मधुकर देशमुख’ची मोजणी कर. 4 चार वेळा, 1 आणि 8 तीन-तीनदा, 2 आणि 3 दोन-दोनदा, 5 आणि 9 एकेकदा. किती आकडे हजर झाले? सात. म्हणजे मुलगा जन्माला येण्याआधीच, त्याचं नाव ठरण्याआधीच, सबकॉन्शस सेल्फ 7 तयार होता. त्या घरात जन्मलेल्या कुठल्याही मुलाचा तो सातपेक्षा खाली येऊच शकत नाही. वर जायचा तर नावात 6 चं किंवा 7 चं अक्षर हवं, म्हणजे ओ, एफ, एक्स किंवा पी, जी, वाय. नीलेशमध्ये त्यातलं एकही नाही, आयने लिही नाहीतर डबल ईने.

आणि स्मितामध्येही नाही. एस 1, एम 4, आय 9, टी 2, ए 1. सगळे आधीच हजर असलेले. तिचाही सबकॉन्शस सेल्फ 7 च.

आता फेब्रुवारीतला दवाखाना आठव. एक भाऊ, एक बहीण, दोघांचे वडील तेच, संकट तेच, दिवस तेच, आणि संकटात माणूस कसा वागतो हे सांगणारा आकडाही तोच. त्यातली एक औषधं आणत होती, डॉक्टरांशी बोलत होती आणि होणाऱ्या वहिनीला फोन करत होती. दुसरा गप्प. 7 ने नीलेशचं वागणं सांगितलं असं तुला वाटलं, कारण ताईंनी तुला फक्त नीलेशचा तक्ता दाखवला. त्यांनी भावाआधी बहिणीचा मांडला असता, तर त्या म्हणाल्या असत्या, ‘7 आहे, संकटात शांत डोक्याने विचार करणारी, कुणावर अवलंबून न राहणारी.’ तेही या आकड्याच्या ठरलेल्या वर्णनात बसतं. आत मिटून जाणं आणि शांतपणे विश्लेषण करणं, दोन्ही 7 च्याच खात्यावर लिहिलेलं आहे. घडून गेलेलं बघून त्यातलं हवं ते उचलायचं.

मी तक्ते मांडणं थांबवलं ते नेमकं अशाच एका दिवशी. दोन सख्खे भाऊ, वडिलांच्या जमिनीवरून वैर, दोघांच्या बायका आठवड्याच्या अंतराने माझ्याकडे आल्या. नवरा मनात काय दाबून ठेवतो ते सांगा, म्हणाल्या. दोघांचे तक्ते जवळपास एकच निघाले, कारण वडिलांचं नाव लांबलचक आणि आडनाव त्याहून लांब. पोरांची नावं तीन-तीन अक्षरी. पहिलीला मी सांगितलं की याला सगळं आपल्या ताब्यात हवंय. ती म्हणाली, अगदी बरोबर. दुसरीला तेच सांगायला गेले आणि तिने मान हलवली: तो तर घरात शब्दही काढत नाही. मी लगेच म्हटलं, ‘म्हणूनच तर ती ओढ हिडन आहे.’ तिला पटलं. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्या ‘हिडन’ शब्दाची खुबी बघ. दिसलं तर आकडा खरा, नाही दिसलं तर लपलेलं आहे म्हणून आकडा खरा. मूळ पद्धतीत या शब्दाचा अर्थ इतका काळोखा नव्हता. बेरजेच्या आकड्यांत जे दिसत नाही आणि मोजल्यावर वर येतं, असा माणसाचा एखादा विशेष गुण किंवा कौशल्य, अशा अर्थाने तो यायचा. लग्नाच्या सल्ल्यात शिरल्यावर त्याचं ‘जोडीदार लपवतो ते’ असं झालं. अंकशास्त्री मग दोघांचे तक्ते शेजारी ठेवतात. त्याचा हिडन पॅशन तुझ्या नावात गैरहजर असेल, तर एक म्हणतो ‘त्याच्याकडे आहे ते तुझ्याकडे नाही, म्हणून ओढ’, आणि दुसरा म्हणतो ‘त्याच्याकडे आहे ते तुला कळणारच नाही, म्हणून खटके’. एकच रिकामा रकाना, आणि तो कसा वाचायचा हे समोरच्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ठरतं. मी हे केलंय म्हणून सांगते. मुलीची आई काळजीत दिसली की हात आपोआप खटक्यांकडे वळतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी मराठी नावांना खास लागू होते आणि मला फार उशिरा उमगली. आपल्या प्रत्येक व्यंजनात ‘अ’ असतो, आणि इंग्रजीत लिहिताना अ आणि आ दोन्हींना एकच अक्षर, ए. ए म्हणजे 1. वर एस आणि जेसुद्धा 1 च. त्यामुळे मराठी नाव इंग्रजीत लिहिलं की 1 चा ढीग लागतो. मुंबईचे चार फलंदाज घे, पूर्ण नावं सगळ्यांना माहीत आहेत म्हणून. सुनील मनोहर गावसकर: 1 सात वेळा. अजित लक्ष्मण वाडेकर: सहा वेळा. सचिन रमेश तेंडुलकर: पाच वेळा. दिलीप बळवंत वेंगसरकर: पाच वेळा. चौघांचाही हिडन पॅशन 1. आहा, म्हणजे पहिला क्रमांक, नेतृत्व, विक्रम! असं म्हणून मीसुद्धा एकेकाळी टाळी घेतली असती. मग आमच्या सोसायटीच्या जिन्यातली नावांची पाटी मोजायला बसले, आणि तिथेही 1, 1, 1. ज्यांनी आयुष्यात सोसायटीच्या मीटिंगला तोंड उघडलं नाही त्यांचाही. घरी लग्नपत्रिकांची थप्पी असेल तर एक दुपार मोजून बघ. ‘देशमुख’सारखी, ज्यात ए नाहीच, अशी आडनावं तेवढी वेगळी निघतात. तुझ्या नीलेशचा 1 एकटा पहिला आला नाही तो त्याच्या स्वभावामुळे नाही, आडनावात ए नाही म्हणून.

जुने, काटेकोर अंकशास्त्री याला एक तोड काढतात, ती सांगायला हवी. इंग्रजी नावांतही 1, 5, 9 मुळातच जास्त येतात हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ते नुसती संख्या न बघता नेहमीपेक्षा किती जास्त ते बघतात. विचार चांगला आहे. पण ते ‘नेहमी’ इंग्रजी नावांवरून ठरवलेलं. रोमन लिपीतल्या मराठी नावांची तशी सरासरी वापरणारा अंकशास्त्री मला तरी आजवर भेटलेला नाही, आणि मी स्वतःही कधी काढली नाही.

सबकॉन्शस सेल्फचंही असंच. तो स्वभावापेक्षा नावाची लांबी जास्त मोजतो. अक्षरं जितकी जास्त, तितके जास्त आकडे हजर. गावसकरांच्या 20 अक्षरांत नऊच्या नऊ आले, वाडेकरांच्या 17 मध्ये सात. 8 ला ‘संकटात भरवशाचा’ म्हणतात, 4 ला ‘बारीकसारीक गोष्टींत गुरफटणारा’, 5 ला ‘गडबडून जाणारा’. म्हणजे तीन अक्षरी नाव आणि चार अक्षरी आडनाव असलेला माणूस जन्मतःच घाबरट ठरतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात स्वतःच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आला आहे. चार नावं! या हिशेबाने ती सगळी पिढी धीरोदात्त निघायला हवी. आणि तुझं लग्नानंतरचं नाव? मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव नवऱ्याचं. त्या नावावर कुणी तुझा हिडन पॅशन काढला, तर तो बराचसा नीलेशचाच निघेल. जन्मनावच धरा असं हे लोक म्हणतात ते बरं म्हणायचं.

त्याच जन्मनावाच्या नियमावरून 11 हजारांचं बोलते. हे दोन्ही आकडे जन्माच्या नावातून येतात आणि जन्मभर बदलत नाहीत, असं याच पद्धतीत लिहिलेलं आहे. पुढे घेतलेल्या नावाला फार तर दुय्यम परिणाम देतात. मग स्पेलिंग सुधारून 5 कसा जाईल? आणि जाणारच असेल, तर तो आधारवरच्या आयने आधीच गेलाय, फुकटात. ताईंना एवढंच विचार: ‘जन्माच्या दाखल्यावरचं नाव न मागता तुम्ही तक्ता कसा मांडला?’ उत्तर देताना त्या दाखला मागतात की नवा आकडा सांगतात, ते बघ. पैसे मात्र देऊ नकोस.

आईला माझं नाव सांगून हे दाखव. वाद घालू नकोस, ‘श्रद्धा-अंधश्रद्धा’ हे शब्दही काढू नकोस. तिच्या हातात कागद दे, वरचा तक्ता उतरवून दे, आणि तिला सांग, आधी डबल ईने मोज, मग आयने, मग स्मिताचं, आणि शेवटी बाबांचं नि मामांचं. ज्या आयांनी आयुष्यभर भिशीचा हिशेब ठेवलाय त्यांना मोजणीची भाषा पटकन कळते. माझ्या अनुभवात तिसऱ्या नावाला माणूस हसायला लागतो.

आता चार दिवस. तुझ्या पत्रात आकड्यांच्या आडून तू जे विचारतेयस ते हे आहे, आणि ते बारीक नाही. त्याला आकड्याचा आधार लागत नाही, आणि आकडा खोटा निघाला म्हणून ते पुसलंही जात नाही. तू तर्क असा केलास की 7 खरा, म्हणून 5 खरा. उलट बाजूने तसाच तर्क करू नकोस, की 5 खोटा, म्हणजे गप्प बसणंही काही नाही. वडील दवाखान्यात असताना साखरपुडा ठरलेल्या मुलीला कळवावंसं न वाटणं याची दहा कारणं असू शकतात. घाबरला असेल. ‘अजून हक्काने सांगावं इतकी जवळची नाही’ असं वाटलं असेल. आमच्याकडे असं बाहेर बोलत नाहीत, ही घरची रीत असेल. किंवा खरंच, ताण आला की मिटून जाण्याची सवय असेल. यातलं कुठलं, हे त्यालाच माहीत.

त्याला भेटून विचार, फोनवर नको. ‘तू असा का वागलास’ अशी सुरुवात करू नकोस, त्याने माणूस एकतर माफी मागतो नाहीतर भांडतो, कळत काहीच नाही. त्या चार दिवसांत तो नेमकं काय करत होता ते विचार. रात्री दवाखान्यात कोण थांबलं, पैशाचं कुणी बघितलं, तो कुणाशी बोलत होता का. मग सांग की स्मिताचा फोन आला तेव्हा तुला काय वाटलं. आणि एक प्रश्न असा विचार ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं येत नाही: पुढच्या वेळी असं काही झालं, तर मला कुणाकडून आणि कधी कळलेलं तुला आवडेल? गप्प राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न जमतो, कारण त्यात मन उघडं करायचं नसतं, फक्त एक ठराव करायचा असतो. ‘दोन ओळींचा मेसेज करीन, पण फोनवर बोलता येणार नाही’ असं उत्तर आलं, तर त्याच्याशी संसार होतो, मी केलाय. ‘त्यात तुला काय सांगायचं’ असं आलं, किंवा तू विचारलंस याचाच राग आला, तर साखरपुडा पुढे ढकल आणि कारण आईला खरं ते सांग. 5 आणि 7 नको.

स्मिताशीही बोल. भावाची चुगली काढायला नाही. लहानपणापासून तो अडचणीत कसा वागतो हे तिने पंचवीसेक वर्षं बघितलंय.

एक राहिलं. बायोडेटावर डबल ई कुणी घातला, हे त्याला विचारलंस का? माझा अंदाज, विवाह मंडळात टाइप करणाऱ्याने. पण त्यानेच हौसेने घातला असेल आणि त्याला तो आवडत असेल, तर पत्रिका छापताना तसाच राहू दे. ताईंच्या पत्त्यावर मात्र मराठीत छापलेली पाठव.

– तुझी ताई